बाबांना त्यांचाच जुना पासवर्ड लिहिलेला धमकीचा मेल आलाय, कृपया कोणीतरी सांगा

शर्वाणी_साखळी
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी साखळीची. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेले तीन दिवस ते नीट जेवत नव्हते. आईला वाटलं पोट बिघडलंय. आज संध्याकाळी मी माहेरी आले तर खोलीतल्या कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आणि वर जुना पंचा टाकलेला. मागची वायरही काढलेली. खूप विचारल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतलेला मेल दाखवला. हो, हाताने लिहून घेतलेला. मोबाइलवर पुन्हा उघडायची त्यांची हिंमत होत नव्हती.

मेल इंग्रजीत आहे. विषयाच्या जागीच त्यांचा पासवर्ड. आत लिहिलंय की मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलोय, तुम्ही घाणेरड्या साइट पाहत होता तेव्हा कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. ४८ तासांत १,२०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरले नाहीत तर व्हिडिओ सगळ्यांना पाठवीन. शिवाय मेल बाबांच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो.

बाबा म्हणतात, "मी असलं काही पाहिलेलं नाही, पण पासवर्ड बरोबर आहे. मग बाकीचंही त्याने काहीतरी बनवलं असेल." ३१ वर्षं एकाच शाळेत शिकवलं त्यांनी, अर्धा गाव त्यांचा विद्यार्थी. काल शेजारच्या मुलाला बिटकॉइन कुठे मिळतो म्हणून विचारून आले. ४८ तास तर उलटून गेलेत. काय करू?

पासवर्ड होता: 
(आधी खरा टाकला होता, खाली नीलकंठदादांनी सांगितल्यावर काढला.)

---

रुद्रेश_म्हापसा
सोमवार, रात्री १०.०५

ताई, पासवर्ड बरोबर आहे म्हणजे मशीनमध्ये किलॉगर आहे, आपण टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तिकडे जातं. त्यात मेल स्वतःच्याच पत्त्यावरून आलाय म्हणजे मेलचं खातंही त्याच्या हातात आहे. आत्ताच्या आत्ता कॉम्प्युटर फॉरमॅट करा, मोबाइल रिसेट करा. पैसे मात्र देऊ नका, एकदा दिले की पुन्हा मागतो.

---

नीलकंठ_फोंडा
सोमवार, रात्री १०.४०

शर्वाणीताई, आधी तो पासवर्ड पोस्टमधून काढा. जुना असला तरी काढा, कारण पुढे सांगतो.

मी एका कंपनीची मेलव्यवस्था सांभाळतो, पंधरा वर्षं झाली. हे मेल २०१८ च्या जुलैपासून ओळखीचे आहेत. तेव्हा पहिल्यांदा विषयाच्या ओळीत पासवर्ड घालून त्यांची मोठी लाट आली. तेव्हापासून मजकूर थोडाफार बदलतो, रक्कम बदलते, साचा तोच. बाबांना सांगा, त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मी हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्या घरीच तुम्हाला ते तपासता येईल.

फॉरमॅट काही करू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

मेलमधला पासवर्ड बाबा आज कुठे वापरतात का? नसेल तर कधी बदलला?

तो पहिल्यांदा कुठे कुठे टाकला होता, आठवतं का?

आणि त्या कॉम्प्युटरला कॅमेरा आहे का?

---

शर्वाणी_साखळी
सोमवार, रात्री ११.१५

दादा, तिसरा प्रश्न वाचून मी बाबांच्या खोलीत गेले आणि पंचा काढून पाहिलं. कॉम्प्युटरला कॅमेराच नाही! साधा जुना डेस्कटॉप, कॅमेरा कधी बसवलेलाच नव्हता. बाबा म्हणाले, "मला वाटलं आतच कुठेतरी असतो." मोबाइलला अर्थातच आहे, आणि त्यांची भीती आता तिकडे वळलीय.

पासवर्ड म्हणजे त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर आणि पुढे देवाचं नाव. २०१९ मध्ये मी त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला तेव्हा मेलचा पासवर्ड मीच बदलला होता. त्याआधी सगळीकडे हाच असायचा. २०१२ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीसाठी एका वधू-वर साइटवर नाव घातलं होतं, तिथे हाच होता. अजून कुठे कुठे, ते त्यांना आठवत नाही.

---

नीलकंठ_फोंडा
सोमवार, रात्री ११.५०

तुमच्या उत्तरातच सगळं आलंय. झोपण्याआधी बाबांना एवढं वाचून दाखवा.

कॉम्प्युटरमध्ये किलॉगर बसला असता तर त्या माणसाच्या हाती आजचा पासवर्ड लागला असता. २०१९ मध्ये बदललेला पासवर्ड आजचा किलॉगर कुठून आणणार? धमकी देणाऱ्याला समोरच्याचा थरकाप उडवायचा असतो, मग हातात ताजा पासवर्ड असताना शिळा कशाला दाखवील? शिळा दाखवला, कारण त्याच्याकडे तेवढाच आहे.

आता तो आला कुठून ते सांगतो. एखादी साइट फुटते, तिथल्या खात्यांची यादी बाहेर पडते. लिंक्डइनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये चोरी झाली, तेव्हा वाटलं ६५ लाख पासवर्ड गेले. २०१६ मध्ये पूर्ण यादी विक्रीला आली, त्यात १६ कोटींहून जास्त खाती निघाली. पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवलेले नव्हते, त्यांचं सांकेतिक रूप ठेवलं होतं. पण ते करायची पद्धत इतकी कच्ची होती की बहुतेक पासवर्ड उलगडले गेले. स्कूटरचा नंबर आणि देवाचं नाव असले पासवर्ड तर यंत्र फार लवकर उलगडतं.

मग अशा अनेक याद्या एकत्र करून मोठे गठ्ठे बनतात. २०१९ च्या जानेवारीत असा एक गठ्ठा उघड्यावर आला, त्यात ७७ कोटी मेल पत्ते होते. प्रत्येक ओळीत मेलचा पत्ता, मध्ये विसर्गासारखं चिन्ह आणि पासवर्ड. बाबांबद्दल त्या माणसाकडे एवढी एकच ओळ आहे. तुमचं गाव, बाबांची शाळा, आईचं नाव, यातलं काही त्याला माहीत नाही. माहीत असतं तर मेलमध्ये लिहिलं असतं. वहीतला मेल पुन्हा वाचा. पासवर्ड सोडला तर बाबांची स्वतःची म्हणावी अशी एक तरी गोष्ट त्यात आहे का? एखादं नाव, एखादी तारीख, त्या व्हिडिओतलं एखादं चित्र?

पाठवतो तेही यंत्रच. संगणकांच्या एका जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं की ते एकटं जाळं तासाला ३०,००० पर्यंत असे मेल सोडत होतं. प्रत्येक ओळीतला पत्ता "प्रति" मध्ये, पासवर्ड विषयात, झालं काम. ४८ तासांचं घड्याळ चालवणारं तिकडे कोणी बसलेलं नसतं.

---

शर्वाणी_साखळी
मंगळवार, सकाळी ८.२०

वाचून दाखवलं. बाबांनी वही घेतली आणि मेल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, पेपर तपासतात तसा, पेन्सिल हातात घेऊन. शेवटी म्हणाले, "यात माझं काहीच नाही." आज सकाळी चहाबरोबर पोदेराकडचे दोन पाव खाल्ले. नीलकंठदादा, देव बरें करूं.

पण स्वतःच्याच पत्त्यावरून मेल आला, त्याचं काय? त्यांचं मन तिथेच अडकलंय. माझंही.

---

मांद्रेकर७७
मंगळवार, सकाळी ९.१०

माझ्या बाबतीतही हेच झालं, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. उचलला तर समोर एक बाई, कपडे नसलेली. दहा सेकंदांत कट केला. पंधरा मिनिटांनी माझा चेहरा असलेला व्हिडिओ मलाच आला आणि पैशांची मागणी सुरू झाली. घाबरून आधी ५,००० दिले, मग १०,०००. नंतर एकजण पोलिस अधिकारी म्हणून फोन करायला लागला. तेव्हा भावाला सांगितलं आणि सगळं बंद केलं. त्यामुळे नीलकंठ, "काही नसतं, दुर्लक्ष करा" असं सरसकट सांगू नका. माझ्याकडे खरा व्हिडिओ होता.

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, सकाळी ९.४५

मांद्रेकर, तुम्ही हे इथे उघड लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि हा फरक सगळ्यांना कळायला हवा. तुमच्या वेळी समोर खरा माणूस होता, तो तुमच्याशी बोलत होता, त्याने व्हिडिओ तुम्हाला पाठवला. इकडे व्हिडिओ आहे असं नुसतं म्हटलंय, दाखवलेला नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. तिथे दुर्लक्ष करा असं मी कधीच म्हणणार नाही.

एक धोका इकडेही आहे. "पुरावा हवा असेल तर या लिंकवरून व्हिडिओ उतरवून घ्या" असं लिहिलेले मेलही येऊन गेलेत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अशाच एका लाटेत त्या लिंकमागे व्हिडिओ नव्हता, पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आणि फाइली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर होतं. म्हणजे हॅक झालेलं नसताना, ते तपासायला गेलेला माणूस खरोखर हॅक व्हायचा. बाबांच्या मेलला काही जोडलेलं असेल तर उघडू नका.

आता स्वतःच्या पत्त्याचं. शर्वाणीताई, त्यांच्या मेलमधला पाठवलेल्यांचा फोल्डर उघडा. हा मेल तिथे आहे का? नंतर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तो मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा, तिथे `Show original` दिसेल. त्या पानावरच्या `Return-Path` आणि `Authentication-Results` या ओळी इथे टाका. बाबांचा पत्ता झाका.

---

शर्वाणी_साखळी
मंगळवार, दुपारी १.३०

पाठवलेल्यांत नाहीये. जोडलेलंही काही नाही. ओळी अशा आहेत. पत्ते मी बदललेत, बाकी जसंच्या तसं:

```
Return-Path: <info@example.net>
Authentication-Results: mx.google.com;
  spf=pass smtp.mailfrom=info@example.net;
  dmarc=fail (p=NONE sp=QUARANTINE dis=NONE)
  header.from=gmail.com
```

---

रुद्रेश_म्हापसा
मंगळवार, दुपारी १.५५

हे बघा, `spf=pass` आहे. पास म्हणजे मेल खरा, बाबांच्या खात्यातूनच गेलाय. मी कालपासून हेच सांगतोय.

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, दुपारी २.४०

रुद्रेश, ही चूक मेलच्या धंद्यातली माणसंही करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टपालाचं पत्र डोळ्यांसमोर आणा. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि आतल्या कागदावरही वर डाव्या कोपऱ्यात पत्ता लिहिलेला असतो. आतल्या कागदावर कोणी काहीही लिहील, पोस्टमन तो पाहत नाही. मेलचंही तसंच आहे. आपल्याला दिसतं ते `From` म्हणजे आतला कागद. `Return-Path` म्हणजे लिफाफा. `spf` तपासतो फक्त लिफाफा. इथे लिफाफ्यावर भलत्याच कुणाचं तरी डोमेन आहे, ते मेल त्याच डोमेनच्या परवानगीच्या सर्व्हरवरून निघालं, म्हणून पास. बाबांच्या पत्त्याशी त्या पासचा काहीएक संबंध नाही.

`dmarc` मात्र विचारतो की लिफाफा आणि कागद जुळतात का. कागदावर gmail.com, लिफाफ्यावर दुसरंच, जीमेलची सहीही नाही, म्हणून `fail`. बाबांच्या खात्यातून खरंच पाठवलं असतं तर तिथे `pass` आलं असतं आणि मेल पाठवलेल्यांतही दिसलं असतं. निदान पुसलं जाईपर्यंत तरी. म्हणून नुसत्या फोल्डरवर विसंबायचं नाही, या ओळी पाहायच्या.

म्हणजे खातं फोडलेलं नाही, कागदावर खोटा पत्ता लिहिलाय. रुद्रेश, ज्या दिवशी त्या ओळीत `dmarc=pass` आणि बाबांचाच पत्ता दिसेल त्या दिवशी तुझं म्हणणं खरं ठरेल, आणि मग मीही तुझ्यासारखीच घाई करीन.

---

रुद्रेश_म्हापसा
मंगळवार, दुपारी ३.०५

हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण फॉरमॅटचा मुद्दा मी सोडत नाही. आमच्याकडे निम्म्या कॉम्प्युटरांवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर असतात आणि पासवर्ड चोरणारे प्रोग्राम त्यातूनच येतात. माझ्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनवर मी हे दर महिन्याला पाहतो. शर्वाणीताई, बाबांच्या कॉम्प्युटरवर ऑफिस कुठलं आहे, विकतचं की कोणीतरी टाकून दिलेलं?

---

शर्वाणी_साखळी
मंगळवार, दुपारी ४.२०

आतेभावाने टाकून दिलेलं आहे. पैसे दिलेले नाहीत.

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, संध्याकाळी ६.१०

रुद्रेशचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि मी काल तो मांडायला हवा होता. पासवर्ड चोरणारा प्रोग्राम ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले सगळे पासवर्ड एका झटक्यात उचलून नेतो. अशा चोरीतून आलेल्या ओळीही त्याच गठ्ठ्यांत मिसळतात. तो प्रकार ओळखायचा कसा, तर मेलमधला पासवर्ड आजचा असतो, किंवा फक्त एकाच साइटवर वापरलेला आणि अलीकडे ठेवलेला असतो. बरोबर अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याच्या सूचना येऊ लागतात. तसं असेल तर मेलमधली कॅमेऱ्याची कहाणी खोटीच, पण मशीन मात्र खरोखर साफ करायचं, आणि पासवर्ड त्या मशीनवरून बदलायचे नाहीत, दुसऱ्यावरून बदलायचे.

बाबांच्या बाबतीत तशी खूण एकही नाही. तरी ते ऑफिस काढून टाका आणि विंडोजच्या सुरक्षेत `Microsoft Defender Antivirus (offline scan)` आहे ते चालवा. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईल, पंधरावीस मिनिटं लागतील. काही सापडलं तर रुद्रेशचं ऐका.

त्याहून मोठं काम वेगळंच आहे. तो पासवर्ड अजून कुठे चालू आहे ते शोधा. धमकीवाला निर्बुद्ध आहे, पण तीच ओळ विकत घेणारे दुसरेही असतात. ते मेल लिहीत बसत नाहीत, तो पासवर्ड शंभर साइटवर लावून पाहतात. पासवर्ड इथून काढा म्हणालो ते याचसाठी. बाबांनी २०१९ च्या आधी उघडलेलं प्रत्येक खातं वहीत लिहून काढा.

---

सुलभा_मडगाव
मंगळवार, रात्री ८.००

माझा एक प्रश्न. मला गेल्या आठवड्यात असाच मेल आला, पण मजकूर म्हणजे एक चित्र होतं, अक्षरं निवडताच येत नव्हती. आणि त्यात लिहिलं होतं की हा मेल तुम्ही उघडलात ते आम्हाला कळलंय, आत एक खास बिंदू बसवलाय. मी तर उघडला होता. ते खरं का? आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मी चिकटपट्टी लावलीय, ती ठेवू की काढू?

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, रात्री ८.३५

सुलभाताई, चित्र अशासाठी की स्पॅम पकडणाऱ्या चाळणीला मजकूर वाचता येऊ नये. अक्षरं ओळखीची असती तर मेल तुमच्यापर्यंत आलाच नसता. काहीजण चित्राऐवजी अक्षरांच्या जागी हुबेहूब दिसणारी दुसऱ्या लिपीतली अक्षरं घालतात, कारण तेच.

खास बिंदू ही गोष्ट मुळात खोटी नाही. जाहिरातींच्या मेलमध्ये असा बिंदू असतो आणि मेल कधी उघडला ते त्यातून कळतं. पण त्याची मजल तिथपर्यंतच. बिंदू कॅमेरा चालू करू शकत नाही. शिवाय या मेलांतल्या बऱ्याचशांत बिंदू नसतोच, नुसतं लिहिलेलं असतं. उघडल्याने बिघडलं काही नाही. उत्तर मात्र पाठवू नका, शिवी देण्यासाठीही नको. या पत्त्यामागे जिवंत माणूस आहे हे उत्तरातूनच पक्कं कळतं.

चिकटपट्टी ठेवल्याने बरं वाटत असेल तर राहू दे.

---

अ‍ॅड_वाळपई
मंगळवार, रात्री ९.२०

तक्रारीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पैसे गेले नाहीत तरी हा गुन्हाच आहे. भीती घालून पैसे मागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येतं. cybercrime.gov.in वर घरबसल्या तक्रार करता येते, आणि प्रत्यक्ष जायचं असेल तर आपल्याकडे सायबर गुन्ह्यांचं पोलिस ठाणं रायबंदरला आहे. मेल पुसू नका. नीलकंठ यांनी मागवलेल्या त्याच ओळी तपासाला लागतात, वहीतली नक्कल चालणार नाही. बिटकॉइनचा पत्ताही तक्रारीत घाला.

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, रात्री ९.४०

वकीलसाहेब, मला मात्र शंका आहे. लाखांनी सुटणाऱ्या मेलमागचा माणूस साखळीच्या एका तक्रारीने सापडेल असं वाटत नाही. ६८ वर्षांच्या माणसाला त्यासाठी रायबंदरला न्यायचं का?

---

अ‍ॅड_वाळपई
मंगळवार, रात्री १०.१५

सापडेल असं मीही म्हणत नाही. पण एकाच बिटकॉइन पत्त्यावरच्या वीस तक्रारी जुळल्या तर ती एका माणसाची कुरबूर राहत नाही. आणि उद्या त्याच जुन्या पासवर्डने मास्तरांच्या एखाद्या खात्यातून खरंच पैसे गेले, तर आधीची नोंद उपयोगी पडते. ऑनलाइन करा, अर्धा तास लागेल. रायबंदरला जायलाच हवं असं नाही.

---

मांद्रेकर७७
मंगळवार, रात्री १०.३०

बिटकॉइनवरून विचारतो. समजा कोणी भरलेच पैसे, तर तो मग सोडतो का?

---

नीलकंठ_फोंडा
मंगळवार, रात्री ११.००

बऱ्याचदा एकच पत्ता हजारोंना पाठवलेला असतो. त्या पत्त्यावर किती रक्कम आली हे कोणालाही पाहता येतं, पण ती कोणी भरली हे बिटकॉइन सांगत नाही. नाव नाही, मेल नाही. म्हणजे साखळीच्या मास्तरांनी भरले की आणखी कोणी, हे त्याला स्वतःलाच कळत नाही. ज्याने भरले त्याला सोडायचं कसं? प्रत्येकाला वेगळा पत्ता दिलेलेही प्रकार असतात, पण तिथेही पुसण्याजोगा व्हिडिओ नसतोच. तुमच्या वेळी भरल्यावर मागणी वाढली, कारण समोर माणूस होता आणि हे गिऱ्हाईक पैसे देतं हे त्याला कळलं होतं.

---

शर्वाणी_साखळी
गुरुवार, सकाळी ११.१०

दोन दिवस बाबा आणि मी याच कामाला बसलो होतो. सांगते.

डिफेंडरच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. आतेभावाचं ऑफिस काढून टाकलं, त्याला थोडं वाईट वाटलं. haveibeenpwned.com वर बाबांचा पत्ता टाकला, तर दोन फुटलेल्या याद्यांत निघाला. एक नुसता गठ्ठा आहे, दुसऱ्या साइटवर आपण कधी नाव घातलं ते बाबांना अजिबात आठवत नाही. वधू-वर साइटचं नाव त्यात नाही.

वहीत अकरा खाती निघाली. आठ बंद पडलेली किंवा पासवर्ड बदललेली. तीन ठिकाणी तोच जुना पासवर्ड चालू होता. एक खरेदीची साइट, तिथे बाबांचं कार्ड जपून ठेवलेलं होतं, ते काढलं. एक त्यांचं जुनं सामाजिक माध्यमाचं खातं. आणि तिसरं म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा मेल. त्याचा पासवर्ड बाबांनीच दिला होता आणि मंडळाचे चौघे तो वापरतात. स्पर्धेचे प्रवेशअर्ज, देणगीदारांचे पत्ते, सगळं त्यात.

तिघांचेही पासवर्ड बदलले, मंडळाच्या मेलला मोबाइलवर कोड येण्याची सोयही केली. पण बदलण्याआधी मेलच्या पानाच्या अगदी खाली उजव्या कोपऱ्यात `Details` आहे ते दाबलं, तर तिथे एक लॉगिन दिसलं ते आमच्यापैकी कोणाचंच वाटत नाही. ठिकाण दुसऱ्या राज्यातलं. मंडळाचा एक सभासद तेव्हा कामानिमित्त बाहेर होता, पण नेमका कुठे ते त्याला आठवत नाही. आता काय समजू?

---

नीलकंठ_फोंडा
गुरुवार, दुपारी १२.०५

त्यावरून खात्रीने काही सांगता येणार नाही. मोबाइलच्या इंटरनेटवरून लॉगिन केलं तर ठिकाण बऱ्याचदा भलतंच दिसतं, गोव्यातला माणूस शेजारच्या राज्यात दिसू शकतो. त्या सभासदाचा फोन असू शकतो, पण तसंच धरून चालू नका.

सेटिंगमध्ये जाऊन दोन जागा पाहा. `Filters and Blocked Addresses` आणि `Forwarding and POP/IMAP`. कोणी शिरलं असेल तर मेलची प्रत गुपचूप स्वतःकडे वळवून ठेवतो, आणि पासवर्ड बदलला तरी ते वळण तसंच राहतं. शिवाय पुन्हा खातं मिळवायला दिलेला मोबाइल नंबर आणि दुसरा मेल मंडळाचाच आहे ना, तेही पाहा.

---

शर्वाणी_साखळी
गुरुवार, दुपारी १२.५०

फॉरवर्डिंग रिकामं आहे. फिल्टर एक आहे, पण तो स्पर्धेच्या मेलना लेबल लावणारा, बाबांनीच केलेला. नंबर माझ्या काकांचा आहे. लॉगिनचं कोडं तसंच राहिलं. चौघांनाही कळवलंय आणि देणगीदारांना सांगितलंय की मंडळाच्या नावाने पैसे मागणारा मेल आला तर आधी फोन करा.

तक्रार बाबांनी स्वतःच भरली, ऑनलाइन.

---

रुद्रेश_म्हापसा
गुरुवार, दुपारी १.१५

देणगीदारांना कळवलंत ते उत्तम. दुकानात येणाऱ्यांना आता मी आधी विचारतोय की पासवर्ड आजचा की जुना. काल एक बाई आल्या होत्या, त्यांचा आजचा निघाला. मशीन साफ करायला ठेवून घेतलंय, पासवर्ड त्यांच्या मुलीच्या फोनवरून बदलले.

---

शर्वाणी_साखळी
पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

काल बाबांना दुसरा मेल आला. रक्कम या वेळी ९५० डॉलर, आणि आता पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर मोबाइलमध्ये घातलंय असं लिहिलंय. मला कळायच्या आत बाबांनी स्वतःच `Show original` उघडून ओळी पाहिल्या आणि मला फोन केला. "अगं, लिफाफा या वेळी वेगळाच आहे, पण डीमार्क फेलच." नीलकंठदादा, पेगॅससचं खरं नसेल ना?

---

नीलकंठ_फोंडा
पुढचा मंगळवार, रात्री ९.४५

पेगॅसस बनवणारी कंपनी ते सरकारांना विकते, आणि ते अतिशय महाग आहे. ते हातात असलेला माणूस ९५० डॉलरसाठी मेल पाठवत बसणार नाही. बातम्यांतलं नाव उचललंय, एवढंच. मास्तरांना विचारा, यात पासवर्ड कुठला आहे?

---

शर्वाणी_साखळी
पुढचा मंगळवार, रात्री ९.५०

तोच. स्कूटरचा.